८१९० घातले, १८९९ आले

अमेरिकेतल्या ‘बाइट’ या संगणक मासिकाच्या सप्टेंबर १९८१ च्या अंकात जिम गिलब्रेथ यांचा एक लेख आला. बेसिक, पास्कल, सी, फोर्थ अशा निरनिराळ्या भाषांत एकच काम करून घ्यायचे आणि कुणाला किती वेळ लागतो ते पाहायचे, असा त्यांचा बेत होता. त्यासाठी त्यांनी मूळ संख्या शोधणारा एक अगदी आखूड प्रोग्राम निवडला. पुढे जानेवारी १९८३ मध्ये त्याच मासिकात त्याचा दुसरा भागही आला. त्यानंतर कितीतरी वर्षे नवा संगणक किंवा नवा कंपायलर हाती आला की लोक आधी हाच प्रोग्राम चालवून बघत.

या प्रोग्रामात वर लिहिलेले असते ८१९०, आणि शेवटी पडद्यावर उत्तर येते १८९९. साहजिकच वाटते की ८१९० पर्यंत १८९९ मूळ संख्या असाव्यात. पण तसे नाही. ८१९० पर्यंत मूळ संख्या आहेत फक्त १०२७. तरीही १८९९ हे उत्तर बरोबर आहे. हा घोळ उलगडला की अख्खी पद्धत कळते, म्हणून तिथूनच जाऊ.

शाळेत १ ते १०० चा तक्ता काढून खाडाखोड केलेली बहुतेकांना आठवत असेल. मूळ संख्या म्हणजे जिला १ आणि ती स्वतः यांखेरीज कशानेही पूर्ण भाग जात नाही अशी, १ पेक्षा मोठी संख्या. तक्त्यात १ खोडायचा. २ ठेवायचा आणि ४, ६, ८ असे त्याचे सगळे पट खोडायचे. मग ३ ठेवायचा, त्याचे पट खोडायचे. ४ आधीच गेलेला, म्हणून पुढे ५, मग ७. एवढे झाले की उरलेल्या २५ संख्या मूळ. ही एरॅटोस्थेनीसची चाळणी. एरॅटोस्थेनीस इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या ग्रंथालयाचा प्रमुख होता. पृथ्वीचा घेर मोजणारा तोच.

या खेळात एकदाही भागाकार नाही, आणि पद्धतीचा सगळा जोर तिथे आहे. एखादी संख्या मूळ आहे का हे सुटे तपासायचे तर तिला लहान मूळ संख्यांनी एकेक करून भागून पाहावे लागते. दहा लाखांच्या आतली सर्वांत मोठी मूळ संख्या ९,९९,९८३. तिची खात्री करायला १००० पर्यंतच्या १६८ मूळ संख्यांनी १६८ भागाकार करावे लागतात, आणि सगळे फुकट जातात, कारण भाग कशानेच जात नाही. चाळणीत आपण संख्येला काही विचारत नाही. ३ च्या घरातून निघून तीन-तीन पावले टाकत जायचे आणि जिथे पाय पडेल तिथे फुली मारायची. १०० च्या तक्त्यात प्रत्येक मूळ संख्येच्या वर्गापासून सुरुवात केली, तर २ च्या ४९, ३ च्या ३१, ५ च्या १६ आणि ७ च्या ८ फुल्या होतात, मिळून १०४. जायच्या संख्या मात्र ७४ च. म्हणजे ३० फुल्या आधीच फुली असलेल्या घरावर पडल्या. हा तोटा मोठा वाटतो, पण तो फार सावकाश वाढतो. दहा लाखांपर्यंत चाळणी लावली तर सुमारे २१ लाख २२ हजार फुल्या पडतात, म्हणजे दर संख्येमागे जेमतेम दोन.

आता तक्ता संगणकात कसा मांडायचा? ‘संख्या’ साठवायची गरजच नाही, हे आधी लक्षात घ्यावे. सोसायटीच्या जिन्याखाली पत्रपेट्यांची रांग असते; पेटीवरचा क्रमांक पत्त्यावरून कळतो, तो आत चिठ्ठी लिहून ठेवावा लागत नाही. तसेच इथे. घराचा क्रमांक हीच संख्या, आणि घरात फक्त एक खूण: आहे की गेली. अशा खुणेला प्रोग्रामर फ्लॅग म्हणतात. सी भाषेत अशा घरांची रांग मांडताना `char` हा प्रकार वापरतात. नावाप्रमाणे तो एक अक्षर ठेवण्यासाठी आहे, पण खरे पाहता तो एक बाइटचा लहानसा डबा आहे, आणि त्यात ० किंवा १ आरामात मावतो.

गिलब्रेथ यांच्या प्रोग्रामाचा गाभा, दहा वेळा फिरवणारे बाहेरचे चक्र वगळून, असा:

```c
char flags[8191];

for (i = 0; i <= 8190; i++)
    flags[i] = 1;
count = 0;
for (i = 0; i <= 8190; i++) {
    if (flags[i]) {
        prime = i + i + 3;
        for (k = i + prime; k <= 8190; k += prime)
            flags[k] = 0;
        count = count + 1;
    }
}
```

पहिल्या दोन ओळींच्या चक्रात सगळ्या घरांत १ भरला, म्हणजे सुरुवातीला सगळ्याच संख्या मूळ मानल्या. मग एकेका घराशी थांबून आत १ असेल तर ती संख्या मोजायची आणि तिचे पट ० करायचे. शाळेतलेच सगळे. वेगळी आहे ती एकच ओळ: `prime = i + i + 3`. आणि १८९९ चे गुपितही तिथेच आहे.

२ सोडला तर कोणतीही सम संख्या मूळ नसते. मग अर्धी घरे त्यांच्यासाठी का अडवायची? म्हणून या रांगेत सम संख्यांना घरच दिलेले नाही. शून्यावे घर ३ चे, पहिले ५ चे, दुसरे ७ चे. घर क्रमांक दुप्पट करून त्यात ३ मिळवले की संख्या मिळते. ८१९० व्या घरात राहते १६,३८३. म्हणजे हा प्रोग्राम ८१९० पर्यंत शोधतच नाही, तो १६,३८३ पर्यंतच्या विषम संख्या चाळतो. १६,३८३ पर्यंत मूळ संख्या आहेत १९००. त्यांतल्या २ ला घर नाही, म्हणून १८९९.

आतले चक्रही नीट पाहण्यासारखे आहे. रांग लहान करून २४ घरांचीच घेऊ, ० ते २३. त्यांत ३ ते ४९ या विषम संख्या बसतात. घर ० मध्ये १ आहे, `prime` झाला ३. `k` ची सुरुवात ०+३, म्हणजे घर ३ पासून, आणि पावले तीन-तीनची: घरे ३, ६, ९, १२, १५, १८, २१. त्या घरांतल्या संख्या ९, १५, २१, २७, ३३, ३९, ४५. सगळे ३ चे विषम पट, आणि मधला एकही सुटलेला नाही. घरांत ३ चे पाऊल म्हणजे संख्यांत ६ चे पाऊल, त्यामुळे १२, १८ असले सम पट आपोआप ओलांडले जातात.

घर १ मध्ये ५. पावले पाचाची: घरे ६, ११, १६, २१, म्हणजे १५, २५, ३५, ४५. यांत १५ आणि ४५ आधीच गेलेले. घर २ मध्ये ७: घरे ९, १६, २३, म्हणजे २१, ३५, ४९. घर ३ मध्ये ९, तिथे ० आहे, पुढे चला. घर ४ मध्ये ११, त्याची एकच फुली घर १५ वर, म्हणजे ३३ वर. ती तर ३ नेच घालवली होती. घर ५ मधल्या १३ ची घर १८ वर, ३९, तीही जुनीच. घर ७ मधल्या १७ पासून पुढे पाऊल रांगेबाहेरच पडते. २४ घरांतली १० गेली, १४ उरली. ५० पर्यंत मूळ संख्या १५, त्यांतला २ वगळा, १४. हिशेब जुळला.

हा विषम संख्यांचा डाव गिलब्रेथ यांची युक्ती म्हणावी, तर तो फार जुना आहे. एरॅटोस्थेनीसचे स्वतःचे लिखाण या विषयावर आपल्यापर्यंत आलेले नाही. चाळणीचे जे जुने वर्णन आपल्याकडे आहे ते निकोमॅकस या ग्रीक लेखकाच्या अंकगणिताच्या ग्रंथातले, साधारण इसवी सन १०० च्या सुमाराचे. त्याने तक्ता १ ते १०० चा मांडलाच नाही. तो ३ पासून फक्त विषम संख्या ओळीने लिहायला सांगतो. मग ३ पासून निघून मधल्या दोन सोडून तिसरी, पुन्हा दोन सोडून तिसरी. ५ पासून निघून मधल्या चार सोडून पाचवी. म्हणजे `k += prime` शब्दशः. त्याच्या लेखी मूळ संख्या हा विषम संख्यांचाच एक प्रकार होता, त्यामुळे २ त्याच्या ओळीत नव्हता. त्याने १६,३८३ पर्यंत ओळ लिहिली असती तर त्याचेही उत्तर १८९९ च आले असते. शाळेतला शंभराचा तक्ता हीच ‘मूळ’ पद्धत असे आपण धरून चालतो. मला तरी बाइटचा प्रोग्राम निकोमॅकसच्या जास्त जवळचा वाटतो.

आता या प्रोग्रामातला आळस. वरच्या २४ घरांत ११ आणि १३ यांच्या फुल्या वाया गेल्या ते आपण पाहिले. त्याचे कारण सरळ आहे. एखादी संयुक्त संख्या दोन अवयवांत फोडली की लहान अवयव वर्गमुळापेक्षा मोठा असूच शकत नाही. ४९ पर्यंतची प्रत्येक संयुक्त संख्या ७ किंवा त्याहून लहान मूळ संख्येने आधीच पकडलेली असते. १६,३८३ चे वर्गमूळ १२८ ला किंचित कमी पडते, म्हणजे १२७ पर्यंतच्या मूळ संख्यांनी चाळले की काम संपले. १२७ चे घर ६२ वे. ८१९१ घरांपैकी पहिल्या ६३ घरांशी थांबून फुल्या मारल्या की पुरे. पुढची घरे फक्त मोजायची. शिवाय ५ ची सुरुवात १५ पासून करण्यात अर्थ नाही, २५ पासून करावी. १२७ ची १६,१२९ पासून. गिलब्रेथ यांच्या प्रोग्रामात यातले काहीच नाही, आणि त्याबद्दल त्यांना नावे ठेवणारे तेव्हाही होते. पण त्यांना मूळ संख्या हव्याच नव्हत्या, यंत्राला दमवायचे होते. प्रत्येक भाषेने तंतोतंत तेवढेच काम करावे एवढीच अट होती. चाळणी दहा वेळा फिरवण्याचे कारणही तेच, नाहीतर वेगवान यंत्रावर घड्याळ लावण्याआधीच काम उरकले असते.

घरांसाठी `char` च का? पूर्णांकांसाठी असलेला `int` आज बहुतेक संगणकांवर चार बाइट खातो. ० किंवा १ ठेवायला चार बाइट म्हणजे उधळपट्टीच. १० कोटी संख्यांची चाळणी सरळ, सम-विषम सगळ्या धरून मांडली तर `char` ला १० कोटी बाइट लागतात आणि `int` ला ४० कोटी. दुसऱ्या टोकाला बिट आहे. एका बाइटमध्ये आठ बिट, म्हणजे आठ संख्यांच्या खुणा एकाच डब्यात मावतील आणि काम सव्वा कोटी बाइटमध्ये भागेल. पण संगणकाची स्मृती बाइटच्या हिशेबाने दिली-घेतली जाते. एकच बिट बदलायचा तर आधी बाइट उचला, बाकीचे सात बिट सांभाळून तेवढाच बदला आणि परत ठेवा. `char` मध्ये एक हुकूम आणि फुली पडली. म्हणून लहान मर्यादेला `char` सोपा आणि वेगवानही. रांग जेव्हा प्रोसेसरजवळच्या छोट्या, जलद स्मृतीत मावेनाशी होते तेव्हा बिट वरचढ ठरू लागतात. मी विचाराल तर आधी `char` ने बरोबर उत्तर आणावे आणि मगच बिटांच्या नादी लागावे.

बरोबर उत्तर आणताना लोक कुठे अडखळतात? `char` हा अक्षरांचा प्रकार आहे ना, म्हणून नवशिके खुणाही अक्षरांत लिहितात: `flags[k] = '0';`. आणि तपासणी तशीच ठेवतात, `if (flags[i])`. अवतरणातला `'0'` म्हणजे शून्य नव्हे. ते शून्य हे अक्षर, आणि त्याचा संकेतांक ४८. सी भाषेत शून्य नसलेली कोणतीही किंमत ‘हो’ समजली जाते. त्यामुळे फुल्या पडत राहतात, पण एकही संख्या गळत नाही. १०० पर्यंत चालवल्यावर ९९ ‘मूळ’ संख्या आल्या आणि यादी २, ३, ४, ५ अशी निघाली, तर दुसरीकडे शोधू नये, चूक इथेच आहे.

दुसरी चूक जास्त कपटी, कारण ती शहाणपणातून येते. वर्गापासून सुरुवात करायची म्हणून कुणी सरळ रांगेसाठी असे लिहितो:

```c
for (i = 2; i <= n; i++)
    if (flags[i])
        for (k = i * i; k <= n; k += i)
            flags[k] = 0;
```

१००, १०००, ४०,००० सगळीकडे उत्तर चोख. मर्यादा ५०,००० केली की प्रोग्राम कोसळतो. चार बाइटच्या `int` मध्ये जास्तीत जास्त २,१४,७४,८३,६४७ मावतात आणि त्याचे वर्गमूळ ४६,३४० च्या थोडे पुढे आहे. त्यानंतरची पहिली मूळ संख्या ४६,३४९. तिचा वर्ग २,१४,८२,२९,८०१, जागेत न मावणारा. बहुतेक यंत्रांवर तो उलटून उणे २,१४,६७,३७,४९५ होतो. उणे संख्या `n` पेक्षा लहान असतेच, त्यामुळे चक्र खुशाल आत शिरते आणि रांगेच्या सुरुवातीच्या कित्येक कोटी घरे मागे कुठेतरी ० लिहायला जाते. आजची प्रणाली तिथेच मान धरते. आपल्याकडच्या अभियांत्रिकी कॉलेजांत वर्षानुवर्षे वापरलेल्या टर्बो सी मध्ये `int` दोनच बाइटचा, कमाल ३२,७६७. तिथे १९१ च्या वर्गालाच ही पाळी यायची, म्हणजे प्रोग्राम १५० ला चालायचा आणि २०० ला बिघडायचा. आणि डॉसमध्ये कुणी अडवणारे नसल्याने कधी संगणकच गोठून बसायचा. उपाय वरच सांगितला आहे: बाहेरचे चक्र वर्गमुळाशी थांबवा, म्हणजे एवढा मोठा वर्ग काढायची वेळच येत नाही. गिलब्रेथ यांच्या प्रोग्रामात वर्ग नाहीतच. तिथे `k` फार तर ८१९० + १६,३८३ म्हणजे २४,५७३ पर्यंत जातो, दोन बाइटांत सुखाने बसणारा.

तिसरी अडचण रांग कुठे ठेवली याची. फंक्शनच्या आत `char flags[10000001];` लिहिले की प्रोग्राम सुरू होताच मरतो, कारण फंक्शनच्या आतल्या गोष्टींसाठीची जागा, म्हणजे स्टॅक, लिनक्सवर साधारण ८ एमबी आणि विंडोजवर १ एमबी असतो. तीच ओळ फंक्शनच्या बाहेर नेली की चालते. घरे मागताना `n` नव्हे तर `n+1` मागायची, कारण मोजणी शून्यापासून आहे. पडताळ्यासाठी चार आकडे जवळ असावेत: १०० पर्यंत २५, १००० पर्यंत १६८, दहा हजारांपर्यंत १२२९, दहा लाखांपर्यंत ७८,४९८. एकाने जरी कमी-जास्त आले तर बहुधा १ मोजला गेलाय, नाहीतर २ राहिलाय.

मर्यादा शंभर कोटींच्या पुढे गेली की रांग एका दमात मांडणे परवडत नाही. मग रांग खिडकीएवढी घेतात, समजा एक लाख घरांची, आणि ती पुढे सरकवत नेतात. घर ० म्हणजे आता १,००,००,००,०००, घर १ म्हणजे १,००,००,००,००१. चाळायला ३१,६२५ पर्यंतच्या मूळ संख्या पुरतात, त्या आधी साध्या चाळणीने काढून ठेवायच्या. प्रत्येकीचा खिडकीतला पहिला पट कुठे पडतो एवढेच शोधायचे, म्हणजे दर मूळ संख्येमागे एक भागाकार. पुढे पुन्हा नुसती पावले. शंभर कोटींना ७ ने भागले तर बाकी ६ उरते, म्हणून ७ ची पहिली फुली घर १ वर. ३ साठी बाकी १, फुली घर २ वर. ५ ची घर ० वर, मग घर ५ वर. २ सगळी सम घरे घेतो. २३ ने भागले तर बाकी २०, म्हणून घर ३ वर २३ ची फुली. ० ते ६ सगळी घरे गेली, आणि ७ व्या घरात १ तसाच राहिला. १,००,००,००,००७ ही ती संख्या. प्रोग्रामिंगच्या स्पर्धांत ‘उत्तराला हिने भागून उरलेली बाकी द्या’ असे ज्या संख्येबद्दल हमखास सांगितलेले असते, ती हीच.